पेंच भरलं म्हणजे तुमची टाकी भरली असं नाही

"नागपुरात भाड्याचं घर बघताना पाण्याचं काय विचारायचं? पेंच भरलेलं असते, बिल्डिंगला बोअर असतेच, नाही पुरलं तर टँकर येते, पिण्यासाठी आरओ लावून घ्या. उगाच घरमालकाचं डोकं खाऊ नका."

हा सल्ला नेहमी मिळतो. त्यातलं पेंच धरणाचं आधी बोलू. धरणात पाणी असणं वेगळं आणि तुमच्या गल्लीतल्या लाईनला प्रेशर असणं वेगळं. हुडकेश्वर-नरसाळा मनपात नंतर आलं, बेसा-पिपळा तर नगरपंचायत आहे, सगळीकडे जुन्या वस्तीसारखं पाणी येईलच असं धरून चालू नका. नळ दाखवतात हो, नळ तर मलाही दाखवला होता. म्हणून नळ नाही, पाण्याचं बिल मागा. त्यावर युनिट असतात, एक युनिट म्हणजे 1000 लिटर. मी बघितलेल्या बिल्डिंगमध्ये 10 फ्लॅट, धरा 40 माणसं, माणशी दिवसाला 135 लिटर हा सरकारी हिशोब, म्हणजे रोजचे 5400 लिटर आणि महिन्याचे 162 युनिट. बिलावर महिन्याला 22 दिसले. मग बाकीचे 140 कुठून येऊन राहिले? बोअरमधून, दुसरं काय. आणि माणशी 135 मध्ये आपला कुलर मी धरलाच नाही, मे महिन्यात तो काय पितो ते नागपूरकराला सांगायला नको.

बोअरचं म्हणाल तर घर कधी बघताय त्यावर सगळं आहे. बहुतेक लोक जून-जुलैत ॲडमिशनच्या वेळी शिफ्ट होतात, पाऊस पडायला लागतो, ऑगस्ट येता येता बोअर मस्त चालतो, घरमालकही खरंच सांगतो की पाण्याचा त्रास नाही. खाली खडक आहे, पाणी भेगांमध्ये साठते तेवढंच, एप्रिल आला की तोच बोअर अर्धा तास चालून हवा ओकतो आणि मग दोन-तीन तास थांबा. म्हणून "बोअर आहे का" विचारून उपयोग नाही, "मे महिन्यात मोटर सलग किती वेळ चालते" हे विचारा, आणि मालकाला नाही, चौकीदाराला विचारा. मोटर तोच चालू-बंद करतो.

त्या घरात किचनचा नळ कॉर्पोरेशनचा आहे असं मालक शपथेवर सांगत होते. माझ्याकडे पाण्यातले क्षार मोजायचं पेनसारखं टीडीएस मीटर होतं, ऑनलाइन दोनेकशे रुपयांत भेटते. किचनमध्ये 870, बाथरूममध्ये 865, आणि खाली रस्त्याकडच्या मीटरजवळच्या नळावर 190. म्हणजे नळाचं आणि बोअरचं वर एकाच टाकीत पडून राहिलं होतं, वेगळी लाईन वगैरे काही नाही. पिण्याच्या पाण्याला 500 पर्यंत चांगलं म्हणतात, दुसरी सोयच नसेल तर 2000 पर्यंत चालवतात, त्यामुळे 870 पिऊन लगेच कोणी आजारी पडणार नाही पण गिझरच्या कॉइलवर आणि कुलरच्या ताट्यांवर पांढरा थर बसतो तो कोणाच्या खर्चाने साफ करणार?

इथंच आरओवालं उत्तर लंगडं पडते. घरचा आरओ एक भांडं प्यायला देतो तर दोन-तीन भांडी वाया घालवतो, आणि मे मध्ये ते वाया जाणारं पाणीही टँकरचंच, विकत घेतलेलं. आंघोळ, कुलर, वॉशिंग मशीन यांना तर आरओ नसतेच.

टँकरच्या बाबतीत मीटरवर भरवसा ठेवू नका, टीडीएस 200 दाखवेल तरी पाणी घाणेरडं असू शकते, कारण ते मीटर क्षार सांगते, जंतू नाही. त्यासाठी क्लोरीन बघावं लागते, थेंब टाकून रंग पिवळा होतो का बघायची छोटी किट येते. आणि त्याहून आधी विचारा की टँकर ओतणार कुठं? त्या बिल्डिंगला जमिनीखाली टाकी नव्हतीच, गच्चीवर फक्त 5000 ची. टँकरही 5000 चा. वर 1500 शिल्लक असेल तर बसणार 3500, बाकीचं टँकरवाला परत घेऊन जातो आणि पैसे पूर्ण घेतो. पूर्ण रिकामी होऊ द्यावी तर सकाळी 8 ला तुमच्या तोंडाला साबण आणि नळ कोरडा. वरून हा खर्च मेंटेनन्समध्ये की वेगळा, हे ॲग्रीमेंटमध्ये कुठंच नव्हतं, तोंडी "बघू ना भाऊ".

ते घर सोडलं. पुढच्या ठिकाणी खालच्या काकूंना विचारलं, मे मध्ये टँकर लागतात का, त्या म्हणाल्या, "लागतात ना बाप्पा, आठवड्याला दोन, पण खाली 15000 ची टाकी आहे अन् प्यायची लाईन वेगळी आहे." किचनमध्ये मीटर लावून बघितलं, 205. भाडं 800 रुपये जास्त होतं, टोकन तिथंच दिला.