शून्य कशाचं, आणि कधी?

हायड्रोजन इलेक्ट्रोडने पीएच मोजण्याबद्दल असा समज असतो:

«हायड्रोजन इलेक्ट्रोडचं पोटेन्शियल नेहमी शून्य असतं. दुसरा इलेक्ट्रोड फक्त सर्किट पूर्ण करायला लावतात. मीटरवर जे व्होल्ट दिसतील त्यांना ०.०५९ ने भागा, पीएच आला. त्यावरून हायड्रोजन आयनांची संहती अगदी अचूक मिळते.»

पहिलं वाक्य खरं असतं तर ही पद्धत जन्मालाच आली नसती. बीकरमध्ये लिंबाचा रस ठेवा नाहीतर चुन्याची निवळी, मीटरचा आकडा हललाच नसता. शून्य धरलं जातं ते फक्त प्रमाण अवस्थेत: हायड्रोजन वायूचा दाब १ बार आणि हायड्रोजन आयनांची सक्रियता, म्हणजे प्रत्यक्ष जाणवणारी संहती, १. द्रावण त्याहून सौम्य झालं की पोटेन्शियल ऋण बाजूला सरकतं, २५ अंश सेल्सिअसला पीएचच्या प्रत्येक एककामागे सुमारे ५९ मिलिव्होल्ट. हे सरकणंच आपण मोजतो.

दुसऱ्या इलेक्ट्रोडबद्दलची चूक जास्त महागात पडते, म्हणून एक उदाहरण पूर्ण सोडवतो. दुसरा इलेक्ट्रोड म्हणून संपृक्त कॅलोमेल, म्हणजे पारा आणि मर्क्युरस क्लोराइडचा इलेक्ट्रोड, घेतला आहे. त्याचं स्वतःचं पोटेन्शियल २५ अंशाला ०.२४१२ व्होल्ट. मीटर या दोघांमधला फरक दाखवतो, हायड्रोजन इलेक्ट्रोडचं एकट्याचं पोटेन्शियल नाही. म्हणून आधी मीटरच्या रीडिंगमधून, म्हणजे E मधून, कॅलोमेलचा वाटा वजा करायचा, मग भागायचं:

pH = (E − ०.२४१२) / ०.०५९१६

नेहमीच्या फॉस्फेट बफरमध्ये, ज्याचा पीएच ६.८६ असतो, ही जोडी ०.६४७ व्होल्ट दाखवायला हवी. वजाबाकी करून ०.४०५८ उरतात आणि भागल्यावर ६.८६ येतात. वजाबाकी न करता थेट भागलंत तर उत्तर जवळजवळ ११. म्हणजे उदासीनतेच्या किंचित आम्ल बाजूचं द्रावण तुमच्या वहीत चांगलंच अल्कली झालं आणि हायड्रोजन आयनांचं प्रमाण दहा हजार पटींहून जास्त चुकलं. विद्यार्थी हा आकडा लिहितात आणि पुढच्या रीडिंगकडे वळतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. लिटमसची एक पट्टी बुडवली असती तरी कळलं असतं.

आता ‘अचूक संहती’. इलेक्ट्रोडला जाणवते ती सक्रियता. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल घ्या: पीएच १.० नाही, सुमारे १.१ येतो, आणि त्यावरून काढलेला आकडा ०.०८ मोलरच्या आसपास. आम्ल कमी पडलेलं नाही. आयन एकमेकांना आवर घालतात म्हणून ते जितके आहेत त्याहून कमी भासतात. सोरेनसेनने १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत पीएच ही कल्पना मांडली तेव्हा ती संहतीवरच बेतली होती, मोजमापही हायड्रोजन आणि कॅलोमेलच्या जोडीनेच होतं. पुढे १९२४ मध्ये त्यानेच सक्रियतेवरची व्याख्या पुढे आणली. खूप सौम्य द्रावणात हा फरक नगण्य होतो, ०.१ मोलरला २० टक्के असतो.

शिवाय एका मिलिव्होल्टची चूक संहतीत सुमारे ४ टक्क्यांची होते, आणि असे एक-दोन मिलिव्होल्ट सहज निसटतात. पुण्यात हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा कमी, साधारण ९५० मिलिबार. त्यातून २५ अंशाला पाण्याच्या वाफेचे ३२ वजा केले की इलेक्ट्रोडवर सोडलेल्या बुडबुड्यात हायड्रोजनचा दाब ०.९२ बारच उरतो. एवढ्यानेच रीडिंग एका मिलिव्होल्टने कमी येतं. दोन इलेक्ट्रोडची द्रावणं जोडणाऱ्या सॉल्ट ब्रिजच्या टोकाशी दोन द्रावणं भेटतात तिथेही थोडं पोटेन्शियल तयार होतं. पोटॅशियम क्लोराइड वापरतात कारण त्याचे दोन्ही आयन जवळपास सारख्या वेगाने सरकतात, पण ते पोटेन्शियल पूर्ण नाहीसं होत नाही. म्हणून पुस्तकातला ०.२४१२ डोळे मिटून घालण्याऐवजी त्याच दिवशी, त्याच मांडणीत बफरचं रीडिंग घ्या आणि त्यावरून हा स्थिरांक काढा. दाबाचा परिणाम त्यातच जमा होतो, ब्रिजचाही बराचसा.

हे सगळं करूनही हायड्रोजन इलेक्ट्रोडमधला प्लॅटिनमचा पत्रा बिघडलेला असेल तर उपयोग नाही. प्लॅटिनमवर काळा, मखमली थर हवा. चकचकीत पत्र्यावर हायड्रोजनचा समतोल नीट साधत नाही. सल्फाइड, सायनाइड किंवा आर्सेनिकची संयुगं त्या थराला विषासारखी मारतात. डायक्रोमेट किंवा फेरिक क्षार असलेल्या द्रावणात तर ही पद्धत वापरूच नये, कारण तिथे पत्रा हायड्रोजनऐवजी त्यांचंच पोटेन्शियल सांगू लागतो. बिघाड ओळखायला एकाच बीकरमध्ये दोन पत्रे सोडा. अर्धा तास बुडबुडे जाऊ देऊनही आकडा सरकतच राहिला, किंवा दोघांत मिलिव्होल्टभर फरक पडला, तर जुना थर काढून टाकून पत्र्यावर पुन्हा प्लॅटिनम ब्लॅक चढवावं लागेल.