पगारवाढ जुन्या पीएफला लागत नाही

"बेसिक 15,000 धरा. आपले 12 आणि कंपनीचे 12 टक्के, म्हणजे महिना 3,600. पगार वर्षाला 8 टक्के वाढतो, व्याजही 8 टक्के, म्हणजे पैसा 16 टक्क्यांनी वाढतो. 30 वर्षांनी हातात 2 कोटी 29 लाख! आणि खरा पीएफ जमतो तो शेवटच्या दहा वर्षांत, कारण पगार तेव्हा मोठा असतो. पहिल्या पाच वर्षांचा काढून गाडी घेतली तरी काही बिघडत नाही."

हा मजकूर आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग भोसरीतल्या जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर, आणि परवा चाकणला नोकरी करणाऱ्या भाच्याने तोच मला पाठवून विचारलं, "मामा, काढू का?" पगारपत्रकं करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून वही काढून बसलो.

आधी त्या 16 टक्क्यांचं पाहू. व्याज खात्यात पडून असलेल्या पैशावर मिळतं. पगारवाढ मात्र फक्त पुढच्या भरण्याला लागते, आधी भरलेल्या रुपयाला तिचा स्पर्शही होत नाही. पहिल्या वर्षी 43,200 भरले असतील, तर 8 टक्क्यांनी 29 वर्षांत त्यांचे 4 लाख 3 हजार होतात. 16 टक्के लावले की तेच 32 लाख दिसतात. मधले 28 लाख कोणी भरलेलेच नाहीत. दोन्ही दर आठच आहेत, पण ते एकाच पैशावर काम करत नाहीत, म्हणून त्यांची बेरीज होत नाही.

दुसरी चूक त्या 3,600 मध्ये आहे. आपले 1,800 पूर्ण पीएफमध्ये जातात. कंपनीच्या 1,800 पैकी 1,250 मात्र पेन्शन योजनेकडे वळतात आणि पीएफमध्ये 550 उरतात. पासबुकात पेन्शनचा रकाना वेगळा असतो आणि त्या रकमेवर आपल्या खात्यात व्याज चढत नाही. म्हणजे सुरुवात होते 2,350 पासून. (1 सप्टेंबर 2014 नंतर पहिल्यांदाच नोकरीला लागलेला आणि तेव्हाच बेसिक व महागाई भत्ता मिळून 15,000 च्या वर असलेला माणूस पेन्शन योजनेत येत नाही. त्याचे 24 टक्के खरोखरच पीएफमध्ये जातात.) पगार वाढला तरी पेन्शनची कपात 15,000 च्या मर्यादेमुळे 1,250 वरच थांबते, त्यामुळे पुढे तिचा बोजा जाणवेनासा होतो.

आता खरा हिशेब. सोपेपणासाठी वर्षाचा भरणा वर्षअखेरीस झाला असं धरतो. 30 वर्षांनी शिल्लक येते साधारण 1 कोटी 4 लाख. भरणा प्रत्यक्षात दरमहा होतो आणि व्याज मासिक शिलकीवर मोजलं जातं, म्हणून आणखी तीन-चार लाख मिळतील. तरीही फिरणाऱ्या आकड्याच्या निम्म्यालाही रक्कम पोचत नाही.

भाच्याचा प्रश्न शेवटच्या मुद्द्याचा होता, आणि मला सगळ्यात चुकीचा वाटतो तोही हाच. पेन्शनची कपात क्षणभर बाजूला ठेवा. पहिल्या वर्षाचे 43,200 रुपये 29 वर्षं 8 टक्क्यांनी वाढून 4 लाख 3 हजार होतात. तिसाव्या वर्षी बेसिक 1 लाख 40 हजारांच्या आसपास असतं आणि त्या वर्षाचा 24 टक्के भरणा होतो तोही 4 लाख 3 हजार. मधलं कुठलंही वर्ष घ्या, उत्तर तेच. पगारवाढीचा आणि व्याजाचा दर सारखा असला की लहान भरण्याला मिळालेली वर्षं आणि मोठ्या भरण्याचा आकार तंतोतंत फिटतात. पगारवाढ 6 टक्के असेल तर शेवटचं वर्ष 2 लाख 34 हजारांवर येतं आणि पहिलंच भारी ठरतं. वाढ व्याजाहून जास्त, समजा 10 टक्के, असेल तरच शेवटचं वर्ष पुढे जातं.

एक्सेलमध्ये हे करून पाहणारे बहुतेक इथेच अडखळतात. नेहमीचं सूत्र असं आहे, त्यात C म्हणजे पहिल्या वर्षाचा भरणा, i व्याज, g पगारवाढ आणि n एकूण वर्षं:

```
C*((1+i)^n-(1+g)^n)/(i-g)
```

दोन्ही दर सारखे टाकले की खाली शून्य येतं आणि `#DIV/0!` दिसतं. तेव्हा हे वापरायचं:

```
n*C*(1+i)^(n-1)
```

मग शेवटच्या दहा वर्षांचा भ्रम होतो कशामुळे? पासबुकामुळे. आपल्या उदाहरणात विसाव्या वर्षअखेर शिल्लक 30 लाख 40 हजार असते आणि पुढच्या दहा वर्षांत ती 73 लाखांनी वाढते. वाटतं, पगार मोठा झाला म्हणून. पण त्या 73 लाखांत नवा भरणा फक्त 27 लाख 70 हजारांचा आहे. त्या भरण्यावरचं व्याज 10 लाख 40 हजार. उरलेले 35 लाखांहून जास्त म्हणजे पहिल्या वीस वर्षांच्या शिलकीवरचं व्याज, फक्त दिसलं उशिरा. पेन्शन वजा करूनही पहिल्या दहा वर्षांच्या भरण्याचा अंतिम रकमेत 29 टक्के वाटा आहे, शेवटच्या दहांचा 37.

पाच वर्षांनी भाच्याच्या खात्यात जमतील 2 लाख 6 हजार. ते काढले तर निवृत्तीच्या रकमेतून 14 लाख 10 हजार जातील. हा आकडा घाबरवायला वापरता येतो, म्हणून तो पगाराच्या मापानेही सांगतो: आज दहा महिन्यांचं बेसिक उचलशील, तर शेवटी शेवटच्या बेसिकचे दहा महिने कमी मिळतील, एकूण 74 पैकी. घराची अडचण असेल तर माणूस काढतो, त्यात गैर काही नाही. "काही बिघडत नाही" हे मात्र खोटं आहे.

74 महिने म्हणजे सहा वर्षं आणि थोडं वर. कोटी ऐकून हुरळण्याआधी हे माप लावावं. 8 टक्के व्याजही कोणी लिहून दिलेलं नाही. नव्वदच्या दशकात ते 12 टक्के होतं, 2023-24 आणि 2024-25 साठी 8.25 टक्के.

एक गोष्ट त्या मजकुरात नाहीच. बऱ्याच कंपन्या बेसिक कितीही वाढलं तरी पीएफ 15,000 वरच कापतात. मग "पगाराच्या 12 टक्के" हा हिशेब पहिल्या वाढीलाच संपतो. ओळखायचं सोपं आहे: बेसिक 15,000 च्या वर गेल्यावरही पगाराच्या पावतीवर कपात 1,800 च दिसते. अशा माणसाचा भरणा तीस वर्षं 2,350 च राहतो आणि त्याच 8 टक्क्यांनी शिल्लक होते 31 लाख 95 हजार. भाच्याला म्हटलं, काढायचं की नाही ते नंतर बघू, आधी वाढीनंतरची पावती पाठव. त्याने पाठवली. बेसिक 19,400, कपात 1,800. आता तो पूर्ण बेसिकवर पीएफ कापावा म्हणून अर्ज लिहितोय, आणि कंपनी स्वतःचा वाटा वाढवेल का ते विचारायला सोमवारी एचआरकडे जाणार आहे.