दाढ काढल्यावर कोणती गोळी?

“दाढ काढल्यावर पॅरासिटामॉलचा उपयोग नाही, आयबुप्रोफेनच घ्या. मुलांना मोठ्यांची अर्धी गोळी द्या.”

असा सल्ला कुणी दिला, तर त्यातलं पहिलं अर्धसत्य आहे. आयबुप्रोफेन सूजही उतरवतं, म्हणून दाढदुखीत सहसा सरस ठरतं. पण अल्सर किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर पॅरासिटामॉलच बरं.

दुसरं मात्र धोक्याचं. मुलांचा डोस वजनावर ठरतो: एका वेळी किलोमागे पॅरासिटामॉल १५ मिग्रॅ, आयबुप्रोफेन जास्तीत जास्त १० मिग्रॅ. १२ किलोच्या मुलाला आयबुप्रोफेन १२० मिग्रॅपर्यंतच चालतं. ४०० ची अर्धी गोळी म्हणजे २००! शिवाय तोंड दुखतं म्हणून मूल पाणीच पीत नसेल, लघवी कमी होत असेल, तर आयबुप्रोफेन देऊच नका. मूत्रपिंडावर ताण येतो. डॉक्टरांना लगेच कळवा.