चॅनेल ३ रिकामे दिसते, रिकामे नसते

«वायफाय स्लो आहे? हे करा! १) राउटरचा चॅनेल ३ किंवा ९ ठेवा, तिथे कोणीच नसते, फुल स्पीड. २) चॅनेलची रुंदी ४० करा, स्पीड डबल. ३) वायफायचे नाव लपवा, शेजारी तुमचा स्पीड खाणार नाहीत. ४) रोज रात्री राउटर बंद-चालू करा. ५) कांड्या फुल असूनही स्लो असेल तर दोष कंपनीचाच. सर्व ग्रुपवर पाठवा.»

हा संदेश राजारामपुरीत राहणाऱ्या माझ्या मावशीच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि तिने शेजारच्या मुलाकडून तो तंतोतंत अमलातही आणून घेतला. तेव्हापासून संध्याकाळच्या मालिकेच्या वेळी टीव्हीवर चित्राऐवजी फिरणारे चक्र दिसू लागले, आणि तिने लाइन देणाऱ्या माणसाला फोन करकरून भंडावून सोडले. सोसायटीतल्या आणखी काही घरांनीही हेच केले असल्यामुळे आता सविस्तर लिहिणे भाग आहे.

सर्वांत घातक सल्ला पहिला आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चॅनेलचे मध्यबिंदू ५-५ मेगाहर्ट्झवर असतात, पण प्रत्येक चॅनेल साधारण २० मेगाहर्ट्झ जागा व्यापते. चॅनेल १ हे २४०२ ते २४२२ मेगाहर्ट्झ, चॅनेल ६ हे २४२७ ते २४४७ आणि चॅनेल ११ हे २४५२ ते २४७२ अशी जागा घेते. ही तिन्ही एकमेकांना शिवत नाहीत, म्हणूनच बहुतेक राउटर त्यांपैकी एकावर असतात. चॅनेल ३ ची जागा मात्र २४१२ ते २४३२ अशी येते, म्हणजे अर्धे अंग चॅनेल १ वर आणि एक पाय चॅनेल ६ मध्ये. मोबाइलमधल्या अनेक ॲपना तिथे कोणी दिसत नाही, कारण ती फक्त मध्यबिंदू मोजतात.

कोणी म्हणेल, गर्दीच्या चॅनेलवर अकरावे होण्यापेक्षा दोन चॅनेलच्या मध्ये बसलेले काय वाईट? याचे उत्तर वायफायच्या मूळ नियमातच आहे. बोलण्याआधी ऐकायचे, आणि हवा मोकळी असेल तरच बोलायचे, अशी वायफायची रीत आहे. आयट्रिपलईच्या ८०२.११ या मानकात ऐकण्याच्या दोन पातळ्या दिलेल्या आहेत. त्याच चॅनेलवरची वायफायची भाषा उणे ८२ डीबीएम इतकी क्षीण असली तरी राउटरने ती ओळखून थांबले पाहिजे, पण भाषा न कळणारा नुसता गोंगाट असेल तर तो उणे ६२ डीबीएमपर्यंत पोहोचल्याशिवाय थांबण्याचे बंधन नाही. (आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरदार.) या दोन पातळ्यांत २० डेसिबलचे, म्हणजे शक्तीच्या हिशेबाने शंभर पटींचे अंतर आहे. एकाच मंडपात दोन भजनी मंडळे असली की एक गाते तेव्हा दुसरे थांबते; भिंतीपलीकडच्या मंडळाला शब्द कळत नाहीत, म्हणून ते खुशाल टाळ कुटत राहते आणि दोन्हीकडची भजने बिघडतात. चॅनेल ३ वरचा राउटर नेमका हेच करतो. चॅनेल १ वरच्या शेजाऱ्याचे बोलणे त्याला बहुधा उमगत नाही, तो मध्येच बोलतो, दोघांची पाकिटे खराब होतात, ती पुन्हा पाठवावी लागतात, आणि दर अपयशानंतर थांबण्याची कमाल मुदत दुप्पट होते. चॅनेल ९ चीही तीच कथा. ते ६ आणि ११ या दोघांना त्रास देते.

मावशीच्या हॉलमध्ये विंडोज लॅपटॉपवर ही आज्ञा दिली:

```
netsh wlan show networks mode=bssid
```

चॅनेल १ वर दहा नेटवर्क होती, ६ वर नऊ, ११ वर पाच, आणि ३ वर मावशी व वरच्या मजल्यावरचे एक बिऱ्हाड. «कांड्या तर सगळ्या भरल्यात की रे,» मावशी म्हणाली, आणि ते खरेही होते. पण कांड्या फक्त राउटरचा आवाज किती मोठा येतो तेवढेच सांगतात. त्याला बोलायला किती वेळ मिळतो, हे त्यांना ठाऊक नसते. दोष हवेत आहे की लाइनमध्ये, हे ओळखण्याची साधी कसोटी म्हणजे इंटरनेटला नव्हे, तर राउटरलाच हाक मारणे:

```
ping -n 30 192.168.1.1
```

(पत्ता तुमच्या राउटरच्या खाली लिहिलेला असेल तो घालावा.) वायफायवरून उत्तर कधी ३ मिलिसेकंदांत, कधी ३०० मध्ये येत होते आणि काही वेळा येतच नव्हते. केबल जोडल्यावर प्रत्येक उत्तर १ मिलिसेकंदात आले आणि प्लॅनचा पूर्ण वेगही मिळाला. म्हणजे पाचव्या मुद्द्यातली कंपनी, निदान या वेळी, निर्दोष सुटली.

नाव लपवण्याचा सल्ला तर निव्वळ हास्यास्पद आहे. प्रत्येक राउटर सुमारे १०२ मिलिसेकंदांनी एकदा स्वतःची दवंडी पिटतो. नाव लपवले की दवंडीतले नाव कोरे राहते. दवंडी थांबत नाही. जुन्या उपकरणांसाठी ती बहुधा १ एमबीपीएस या सर्वांत मंद वेगाने दिली जाते. ३०० बाइटची दवंडी अशी द्यायला जवळपास २.६ मिलिसेकंद लागतात, म्हणजे एकेका नावामागे हवेतला अडीच टक्के वेळ. चॅनेल १ वरची दहाही नेटवर्क नीट ऐकू येत असतील, तर कोणी एक अक्षरही डाउनलोड न करता पाव वेळ संपलेला असतो. पाहुण्यांसाठी वेगळे नाव चालू ठेवले की त्याचीही वेगळी दवंडी सुरू होते. खरा उपाय राउटरच्या मोडमध्ये आहे: 11b/g/n ऐवजी b वगळलेला पर्याय निवडला, तर बहुतेक राउटर तीच दवंडी ६ एमबीपीएसने, अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत देतात. फार जुने एखादे उपकरण त्यामुळे जोडले जाणार नाही, एवढेच.

रुंदी ४० करण्यात अर्धसत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. शेतातल्या एकट्या घरात वेग खरोखर जवळपास दुप्पट होईल. अपार्टमेंटमध्ये मात्र ४० मेगाहर्ट्झ म्हणजे वर सांगितलेल्या तीन जागांपैकी दोन अडवणे. वाट पाहणे वाढते, आणि शेजाऱ्यांचेही नुकसान होते. राउटर बंद-चालू केल्याने कधीकधी फरक पडतो, हेही खरे, कारण «ऑटो»वर असलेले अनेक राउटर चालू होतानाच चॅनेल निवडतात. पण ते रात्री शांत असलेली हवा पाहून निवडतात आणि संध्याकाळी आठ वाजता त्यावर भोगतात.

संदेशात जोडणीबद्दल एक शब्दही नाही, आणि मावशीच्या घरात निम्मा घोळ तिथेच होता. कोणत्या पट्ट्यावर जोडायचे हे अखेरीस फोन ठरवतो, राउटर फार तर सुचवतो. तिच्या राउटरवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही पट्ट्यांना एकच नाव होते. लिफ्टमधून बाहेर पडताना २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल आधी गाठतो, फोन त्यावर जोडला जातो आणि पुढे तिथेच चिकटून राहू शकतो. ॲपलच्याच माहितीनुसार आयफोन उणे ७० डीबीएमपर्यंत सिग्नल खाली आल्यावर दुसरी जोडणी शोधतो. घरात तो उणे ५५ च्या आसपास असेल, तर या नियमाने तरी त्याला हलण्याचे कारण नाही.

म्हणून दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावे दिली. टीव्ही आणि फोन ५ गिगाहर्ट्झवर नेले. तिथे जागा पुष्कळ आहे आणि काँक्रीटच्या भिंती शेजाऱ्यांचा सिग्नल बऱ्यापैकी अडवतात. मागच्या बेडरूममध्ये हाच पट्टा आपल्यालाही कमी पडतो, म्हणून तिथल्या टॅबसाठी २.४ गिगाहर्ट्झ, चॅनेल ११, रुंदी २० असे ठेवले. आता हॉलमधून राउटरला मारलेल्या हाकेचे उत्तर संध्याकाळीही ५ मिलिसेकंदांच्या आत येते. वरच्या बिऱ्हाडाचा राउटर अजून चॅनेल ३ वर आहे, आणि तो तिथून हलेपर्यंत चॅनेल १ आणि ६ वरच्या घरांना त्याचा उपद्रव होत राहणार.