दादा म्हणू की सर?

आमच्याकडे प्लेसमेंट आणि चवथ एकदमच येतात. त्यामुळे घरात आई गणपतीवर टांगायच्या माटोळीला फळं-पानं काय काय कुठून मिळणार या टेन्शनमध्ये आणि मी एका अनोळखी माणसाला मेसेज कसा टाकायचा या टेन्शनमध्ये. माणूस आमच्याच कॉलेजचा, गेल्या वर्षी पास झालेला, आणि जी कंपनी दोन आठवड्यांनी कॅम्पसला येणार तिथेच पुण्यात कामाला. विचारायचं एवढंच की तुमच्या वेळी इंटरव्ह्यूचे राउंड कसे होते. त्यात काय एवढं, असं बाबा म्हणाले. बाबांनी आयुष्यात एकच इंटरव्ह्यू दिलाय, त्यात त्यांना गाव विचारलं, मग मामाचं नाव विचारलं आणि सोमवारपासून या म्हणाले.

पहिला प्रश्न, हाक काय मारायची. सर म्हटलं तर फारच वाकल्यासारखं, नुसतं नाव घेतलं तर उद्धट, दादा म्हटलं तर जवळीक जरा जास्तच. शेवटी सर. लिंक्डइनवर कनेक्ट करताना फुकटवाल्यांना नोटसाठी 200 अक्षरं मिळतात, आणि मी 'रिस्पेक्टेड सर, आय होप धिस मेसेज फाइंड्स यू वेल' लिहिलं, म्हणजे पाव जागा इंग्रजीत त्याची तब्येत विचारण्यात गेली. मग माझं नाव, ब्रांच, कॉलेज, आणि उरलेल्या फटीत 'प्लीज गाइड फॉर इंटरव्ह्यू' कोंबलं. फोंड्याच्या स्टँडवर कदंबात बसल्या बसल्या पाठवून दिलं आणि पणजी येईपर्यंत चाळीस वेळा फोन बघितला.

तीन दिवसांनी उत्तर आलं. '4 राउंड असतात. नीट तयारी कर. ऑल द बेस्ट.'

राग आला, पण खरं सांगायचं तर त्याची चूक नव्हती. 'गाइड करा' हा काही प्रश्न नाही, त्याला एवढंच उत्तर येणार. माझ्या मित्राने तर त्याला सरळ 'कोणते प्रश्न आले ते पाठवा, पीडीएफ असेल तर बरं' असं लिहिलं होतं, त्याला उत्तरच नाही, कारण पेपर बाहेर सांगितला तर उद्या त्याचीच नोकरी अडचणीत, आणि दरवर्षी प्रश्न बदलतात ते वेगळंच. मग मी रात्री बसून विचार केला की नेटवर न मिळणारं, फक्त त्यालाच माहीत असलेलं काय आहे? आणि दोनच प्रश्न लिहिले. एक, तुमच्या बॅचची पोरं जास्त करून कुठल्या राउंडला गळली आणि का? दोन, टेक्निकलला पुस्तकातलं जास्त विचारलं की रेझ्युमेवरच्या प्रोजेक्टचं?

त्याच रात्री साडेअकराला सहा मिनिटांची व्हॉइस नोट आली, मागे कुकरच्या शिट्ट्यांसकट.

म्हणाला, बहुतेक सगळे पहिल्याच ऑनलाइन टेस्टला गेले, आणि गंमत म्हणजे कोड चुकला म्हणून नाही. नमुन्याचे टेस्ट केस सगळे हिरवे दिसतात, पोरं खूश होऊन सबमिट करतात, आणि आतले लपवलेले केस वेळ संपल्यामुळे उडतात. प्रश्नाखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की यादीत एक लाखापर्यंत आकडे असू शकतात. तिथे लूपमध्ये लूप घातला की एक लाख गुणिले एक लाख, म्हणजे हजार कोटी फेऱ्या, आणि सेकंदाला अंदाजे दहा कोटी धरल्या तरी शंभर सेकंद लागणार, तिकडे मिळतात एक-दोन. म्हणून आधी ती बारीक ओळ वाचायची आणि मग ठरवायचं की सॉर्ट करून किंवा हॅशमॅप वापरून एका फेरीत भागतंय का. मी आजवर ती ओळ विमा पॉलिसीच्या अटींसारखी सोडून देत आलो होतो.

दुसरं उत्तर जास्त लागलं. प्रोजेक्टच विचारतात, आणि खोलात. त्याला विचारलं होतं, तुझ्या लॉगिनमध्ये पासवर्ड कुठे आणि कसा साठवतोस? मी लगेच माझा बसपासचा प्रोजेक्ट उघडला. टेबलमध्ये सगळे पासवर्ड जसेच्या तसे, उघडे, सोलकढीइतके पारदर्शक... नाही, सोलकढीतून निदान काही दिसत नाही. ती रात्र आणि पुढची रात्र bcrypt ने पासवर्ड हॅश करून साठवण्यात गेली. आई म्हणाली, चवथीला घर साफ करायचं सोडून हा काय साफ करतोय.

मग आला आभाराचा मेसेज. आता एवढं बोलणं झाल्यावर सर कसं म्हणणार, म्हणून लिहिलं, 'थँक्यू दादा, खूप मदत झाली.'

उत्तर आलं, 'दादा नको रे. प्रोफाइलवर बघितलं, तू डिप्लोमा करून दोन वर्षं वेर्ण्याला नोकरी करून मग डिग्रीला आलास. मी तुझ्याहून वर्षाने लहान आहे.'