निकाल लागल्यावर प्रतिषेध नव्हे, उत्प्रेक्षण

"न्यायाधिकरणाने निकाल दिला आणि ते संपलंही. आता प्रतिषेध मागायचा की उत्प्रेक्षण? आणि रिट बजावणार कोणावर?"

उत्प्रेक्षणच. दोन्ही रिट, म्हणजे खालच्या न्यायाधिकरणाला वरिष्ठ न्यायालयाने दिलेले आदेश. प्रतिषेध फक्त सुनावणी चालू असेपर्यंत; तो पुढचं काम थांबवतो. निकाल लागला की थांबवायला काही उरत नाही, निकाल रद्दच करावा लागतो, आणि ते काम उत्प्रेक्षणाचं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर हरि विष्णू कामत खटला वाचा (सर्वोच्च न्यायालय, डिसेंबर 1954). होशंगाबादची लोकसभेची जागा कामत 174 मतांनी हरले. विजेत्याच्या मतांपैकी 301 मतपत्रिका विधानसभेच्या होत्या, केंद्रावर चुकून वाटलेल्या. निवडणूक न्यायाधिकरणाने अर्ज फेटाळला. पुढे नेमका हाच आक्षेप आला, की न्यायाधिकरणच उरलं नाही तर रिट कोणाला? न्यायालय म्हणालं, उत्प्रेक्षण माणसांविरुद्ध नसून दप्तराविरुद्ध असतं. दप्तर ज्याच्या ताब्यात, त्याच्याकडून ते मागवता येतं. शेवटी ती निवडणूकच रद्द झाली.

पण सावध राहा. उत्प्रेक्षण म्हणजे अपील नव्हे. अधिकारक्षेत्र नसणं, नैसर्गिक न्याय डावलणं किंवा निकालपत्रावर उघड दिसणारी कायद्याची चूक, एवढंच चालतं. 'पुरावा नीट तोलला नाही' हा मुद्दा बहुतेक वेळा तिथेच पडतो, आणि वकील नेमका त्यावरच पानंच्या पानं भरतात!

बाकी तिन्ही रिट तुमच्या कामाचे नाहीत. बेकायदा अटकेला बंदी प्रत्यक्षीकरण, कायदेशीर कर्तव्य टाळणाऱ्या अधिकाऱ्याला परमादेश, अपात्र माणूस सार्वजनिक पदावर बसला तर अधिकारपृच्छा.