‘४ जीबी कार्ड’ हे गेमिंग पीसीचे माप नव्हे

“आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५१२ जीबी एसएसडी, ५०० वॅट पॉवर सप्लाय. कोणताही गेम फुल सेटिंगवर! या किमतीत एवढे स्पेसिफिकेशन कुठेही मिळणार नाही.”

ही जाहिरात माझ्या भाच्याने पाठवली, आणि सोबत “मामा, घेऊन टाकू ना?” असेही विचारले. घेऊ नकोस, असे त्याला लगेच कळवले आहे. कारणे मात्र सविस्तर सांगणे भाग आहे, कारण हीच जाहिरात त्याच्या अर्ध्या वर्गात फिरते आहे.

सर्वांत संतापजनक भाग ग्राफिक्स कार्डाचा आहे. ‘४ जीबी’ ही केवळ कार्डावरील मेमरीची क्षमता झाली. कार्ड कोणते, हे जाहिरातीत कुठेही लिहिलेले नाही. भाच्याने तीनदा विचारल्यावर विक्रेत्याने ‘जीटी ७३०’ असे नाव सांगितले. हे कार्ड २०१४ सालचे आहे. एनव्हिडियाच्या स्वतःच्या माहितीपानावर या एकाच नावाखाली तीन वेगवेगळी कार्डे दिलेली आहेत, आणि त्यांपैकी ६४ बिट डीडीआर३ मेमरीच्या कार्डाचा मेमरी वेग सेकंदाला १४.४ जीबी एवढाच आहे. जीटीएक्स १६५० हे गेमिंगसाठीचे अगदी साधे कार्ड. तेही ४ जीबीचेच, पण त्याच्या जीडीडीआर५ आवृत्तीचा वेग सेकंदाला १२८ जीबी आहे. म्हणजे जाहिरातीत दोन्ही कार्डे ‘४ जीबी’च म्हणवतील आणि प्रत्यक्षात त्यांच्या मेमरी वेगात जवळजवळ नऊपट अंतर असेल. टाकी कितीही मोठी असली तरी नळ बारीक असेल तर पाणी धारेनेच येणार. एवढ्या मंद कार्डाला ४ जीबी मेमरी देण्याचा खरा उपयोग जाहिरातीत आकडा छापण्यापुरताच आहे, कारण ती सगळी मेमरी भरेल अशा सेटिंगवर गेम चालवण्याची ताकदच त्याच्या चिपमध्ये नाही. शिवाय या ६४ बिट कार्डाच्या केप्लर पिढीसाठी नव्या गेमांना जुळवून घेणारे ड्रायव्हर देणे एनव्हिडियाने २०२१ मध्येच थांबवले. संगणक समोर असेल तर GPU-Z हा मोफत प्रोग्राम उघडून त्यातील Memory Type, Bus Width आणि Bandwidth या तीन ओळी वाचाव्यात. ‘कोणताही गेम’ हा दावा तिथेच निकालात निघतो.

‘आय७’ हेही अर्धवट नाव आहे. जाहिरातीच्याच फोटोत मॉनिटरवर i7-3770 असे दिसते, आणि तो प्रोसेसर २०१२ सालचा आहे. त्यात ४ कोअर आणि ८ थ्रेड आहेत. दहा वर्षांनी आलेल्या आय३-१२१०० मध्येही तेवढेच आहेत, आणि तो ‘आय३’ असूनही प्रत्येक कोअरमागे याच्यापेक्षा खूपच जास्त काम करतो. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत ३७७० बसत नाही, हे वेगळेच.

रॅम आणि एसएसडीबद्दल नाइलाजाने मान्य करतो की आकडे खोटे नाहीत, आणि एसएसडीमुळे संगणक झटपट सुरूही होईल. दुकानात दाखवताना तेवढेच पाहून माणूस फसतो. रॅम डीडीआर३ आहे, त्यामुळे ती पुढच्या संगणकात बसणार नाही, एवढे सांगून पुढे जातो.

पॉवर सप्लायचा मुद्दा मात्र घातक आहे. डब्यावर मोठ्या अक्षरांत ५०० लिहिलेले असले, तरी बाजूच्या लेबलवरील तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्याखाली १८ अँपिअर आहेत. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट. आजच्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांना जवळजवळ सगळी वीज याच १२ व्होल्टवरून लागते, म्हणून खरी क्षमता तीच धरावी. प्रामाणिक ५०० वॅटच्या सप्लायवर तिथे साधारण ३८ ते ४१ अँपिअर दिसतात. गंमत अशी की आज यातले काहीच बिघडणार नाही, कारण जीटी ७३० ची भूकच जेमतेम आहे. दुबळे कार्ड दुबळ्या सप्लायला झाकून ठेवते. गेम अडखळतात म्हणून वर्षभराने कोणी जोरकस कार्ड बसवले, की गेममध्ये भार वाढताच संगणक कोणताही संदेश न देता एकदम बंद पडू लागतो आणि दोष नव्या कार्डाला दिला जातो. नशीब वाईट असेल तर असा हलका सप्लाय जाताना मदरबोर्डही घेऊन जातो.

भाच्याने विक्रेत्याकडे त्या लेबलचा स्पष्ट फोटो मागितला, तेव्हा “पाचशे वॅट लिहिलंय ना, मग आणखी काय हवं?” असे उत्तर आले. प्रोसेसर आणि कार्डाची पूर्ण मॉडेल नावे बिलावर लिहून द्यायलाही तो तयार नाही.